पुड्याची मागची बाजू : अतिप्रक्रियायुक्त अन्न ओळखावे कसे?

सकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटे, अकराच्या सुमारास पुन्हा काही, आणि दुपारी झोपून उठल्यावर आणखी चार. हा क्रम अनेक ज्येष्ठांच्या घरी वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. दात साथ देत नाहीत, भूक मंदावलेली असते, घरातील मंडळी कामावर गेलेली असतात. अशा वेळी डब्यातील बिस्किट हाताशी असते, चहात बुडविले की मऊ होते, आणि पोटाला हलके असा त्याचा लौकिकही आहे. अलीकडे मात्र याच बिस्किटाची गणना 'अतिप्रक्रियायुक्त अन्ना'त, म्हणजे इंग्रजीत ज्यास 'अल्ट्रा-प्रोसेस्ड फूड' म्हणतात त्यात होऊ लागली आहे. अशा अन्नाचा संबंध हृदयविकारापासून स्मृतिभ्रंशापर्यंत अनेक व्याधींशी जोडणाऱ्या बातम्या वाचून ज्येष्ठ वाचक आणि त्यांची शुश्रूषा करणारे दोघेही संभ्रमात पडतात. लोणचे, पापड, मेतकूट यांवरही प्रक्रिया झालेलीच असते. मग तेही त्याज्य मानायचे काय? आणि बातम्यांतील पुरावा कितपत भक्कम आहे? या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करू.

प्रक्रिया आणि अतिप्रक्रिया

अन्नावर प्रक्रिया करणे ही माणसाची जुनी विद्या आहे. धान्य दळणे, दूध विरजणे, कैरी मिठात मुरविणे, डाळ भाजून मेतकूट करणे, या सर्व प्रक्रियाच होत. त्यामुळे 'प्रक्रिया' हा शब्द ऐकताच बिचकण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो प्रक्रियेचे स्वरूप आणि हेतू कोणता, हा.

हा प्रश्न ठळकपणे मांडला तो ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांच्या देशातील कुटुंबे वाणसामानात काय विकत घेतात, याच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. तेव्हा एक विसंगती आढळली. लोक साखर, मीठ आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होते, तरीही लठ्ठपणा आणि मधुमेह वाढतच होता. याचे उत्तर दुसऱ्या रकान्यात होते. त्याच काळात बिस्किटे, शीतपेये, तयार जेवणे यांची खरेदी वाढत चालली होती. साखर आणि तेल घरातून नाहीसे झाले नव्हते. ते पिशवीतून येण्याऐवजी पुड्यातून येऊ लागले होते. त्यावरून मोंतेरो यांनी २००९ साली असे प्रतिपादन केले की, अन्नाचे मोजमाप केवळ त्यातील स्निग्धांश आणि साखर पाहून न करता, त्यावर कोणत्या प्रकारची प्रक्रिया झाली आहे हेही पाहिले पाहिजे. त्यातून जी वर्गवारी पुढे सिद्ध झाली ती 'नोवा' या नावाने ओळखली जाते.

या वर्गवारीत अन्नाचे चार गट आहेत. पहिल्या गटात नैसर्गिक किंवा अल्प प्रक्रिया केलेले पदार्थ येतात : तांदूळ, ज्वारीचे पीठ, डाळी, भाज्या, फळे, दूध, साधे दही, अंडी, मासे. दुसऱ्या गटात स्वयंपाकाची साधने आहेत : तेल, तूप, साखर, गूळ, मीठ. एरवी ही नुसती कोणी खात नाही. पहिल्या गटातील अन्न रांधण्यासाठी ती वापरतात. तिसरा गट या दोहोंच्या मेळातून होणाऱ्या साध्या प्रक्रियायुक्त पदार्थांचा. लोणचे, मुरांबा, खारविलेले मासे, आणि बेकरीतील मैदा, यीस्ट, मीठ यांचा साधा पाव या गटात बसतात. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा.

चौथ्या गटाची खूण अशी की, यात मूळ अन्न जवळजवळ उरलेलेच नसते. गहू, मका, सोयाबीन, पामफळ यांचे कारखान्यात विघटन करून त्यातून स्टार्च, सरबते, तेले, प्रथिनांचे अर्क वेगळे काढतात, आणि मग हे भाग पुन्हा एकत्र आणून त्यांना आकार, रंग, वास आणि पोत देतात. एकमेकांत न मिसळणारे घटक मिसळून राहावेत म्हणून पायसीकारके घालतात, दाटपणासाठी गोंदवर्गीय द्रव्ये घालतात, आणि विघटनात हरवलेली चव भरून काढण्यासाठी स्वाद मिसळतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. केवळ टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्यामुळे पदार्थ चौथ्या गटात जात नाही. तसेच चौथ्या गटात नाही म्हणून पदार्थ हितकारक ठरतो असेही नाही. घरी तळलेली चकली अतिप्रक्रियायुक्त नाही, पण तीत तेल भरपूर असते. लोणचे अतिप्रक्रियायुक्त नाही, पण रक्तदाबाच्या रुग्णाला त्यातील मीठ त्रासदायक ठरतेच. ही वर्गवारी जुन्या पथ्यात भर घालते. जुने पथ्य रद्द करीत नाही.

एका पुड्याचे वाचन

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. आपल्या घरातील चहाच्या बिस्किटांचा पुडा उलटा करून मागची बाजू पाहावी. अक्षर बारीक असते, तेव्हा भिंग हाताशी असू द्यावे किंवा नातवंडांना वाचायला सांगावे. आपल्याकडील नियमानुसार घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात. म्हणजे जे सर्वांत अधिक, ते प्रथम.

सामान्यतः यादी अशी असते : मैदा, साखर, शुद्ध केलेले पामतेल, इन्व्हर्ट साखरेचे सरबत, फुगवणारी द्रव्ये ५०३(२) आणि ५००(२), दुधाची घन द्रव्ये, मीठ, पायसीकारके ३२२, ४७१ आणि ४७२ई, कणीक सुधारक २२३, आणि शेवटी 'स्वाद मिसळला आहे' असे वाक्य.

आता एकेक शब्द पाहू. मैदा, साखर, तेल, मीठ हे आपल्या ओळखीचे आहेत. ५००(२) म्हणजे आपला खायचा सोडा. ५०३(२) म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले ते पूर्वीपासून वापरत आले आहेत. तेव्हा आकडा दिसला की तो घातक, असे समजू नये. आकडा हे केवळ नाव आहे. खरी खूण पुढे आहे. इन्व्हर्ट सरबत म्हणजे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करून केलेला पाक. तो आपल्या कोणत्याही स्वयंपाकघरात नसतो. ३२२ हे लेसिथिन, बहुधा सोयाबीनमधून काढलेले. ४७१ आणि ४७२ई ही स्निग्धाम्लांपासून तयार केलेली पायसीकारके. २२३ हे गंधकयुक्त द्रव्य कणकेची लवचीकता यंत्राला सोयीची व्हावी म्हणून असते. आणि स्वाद कशाचा, याचा तपशील वाचकाला मिळत नाही.

म्हणून ओळखण्याची साधी रीत अशी. यादीतील प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारावे : ही वस्तू वाण्याकडून आणून मी डब्यात भरून ठेवीन काय? इन्व्हर्ट सरबत, माल्टोडेक्स्ट्रिन, प्रथिनांचा अर्क, वनस्पती तुपासारखे हायड्रोजनीकरण केलेले तेल, पायसीकारके, कृत्रिम गोडवा, रंग, स्वाद, स्वादवर्धक यांपैकी एकही आढळले, तर तो पदार्थ बहुधा चौथ्या गटातील होय.

पुढच्या बाजूवरील शब्दांवर मात्र विसंबू नये. तेथे 'गव्हाचे', 'तंतुमय', 'पचनास उत्तम' असे काहीही असू शकते. 'ब्राउन ब्रेड' म्हणून आणलेल्या पावाच्या यादीत पहिला शब्द मैदा आणि पुढे कुठेतरी १५० हा कॅरॅमल रंग असेल, तर त्याचा तपकिरीपणा कोंड्यामुळे आला असे म्हणता येणार नाही. याच कसोटीने साधे दही पहिल्या गटात राहते आणि स्वाद व दाटपणाची द्रव्ये घातलेले फळाचे दही चौथ्या गटात जाते. घरच्या शेवया पहिल्या तीन गटांत, मसाल्याच्या पुडीसह येणाऱ्या झटपट नूडल्स चौथ्या गटात.

वीस माणसे, चार आठवडे

वर्गवारी पटली तरी प्रश्न उरतो : असे अन्न खाल्ल्याने खरोखर अपाय होतो, हे कशावरून? याविषयीचा सर्वांत नेटका प्रयोग अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा तपशील समजून घेण्याजोगा आहे.

दहा पुरुष आणि दहा स्त्रिया अशा वीस जणांना संस्थेच्या रुग्णालयात चार आठवडे ठेवण्यात आले. बाहेरचे काहीही खाण्याची मुभा नव्हती. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रियायुक्त जेवण दिले आणि दोन आठवडे अल्प प्रक्रियेचे. कोणाला कोणते प्रथम, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले होते. दोन्ही प्रकारच्या थाळ्यांत वाढलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतुमय भाग जवळजवळ सारखा ठेवला होता. गरजेच्या सुमारे दुप्पट अन्न समोर ठेवले जाई, आणि हवे तेवढे खा, नको तेवढे ठेवा, असे सांगितले जाई.

निष्कर्ष असा निघाला की, अतिप्रक्रियायुक्त थाळीवर असताना हीच माणसे दिवसाला सरासरी सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले, आणि दुसऱ्या थाळीवर तेवढेच घटले. कोणी त्यांना आग्रह केला नव्हता. दोन्ही जेवणांची रुची त्यांनी सारखीच सांगितली होती. म्हणजे 'चटकदार म्हणून जास्त खाल्ले' एवढे सोपे स्पष्टीकरण येथे पुरत नाही.

मग हे घडले कसे? एक कारण वेगाचे दिसते. अतिप्रक्रियायुक्त अन्न लोकांनी अधिक भरभर खाल्ले. ते मऊ असते, फार चावावे लागत नाही, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच बरेच पोटात गेलेले असते. ही गोष्ट जुन्या एका प्रयोगातही दिसली होती. १९७७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दहा जणांना सफरचंदे तीन रूपांत दिली : अख्खी, लगदा करून, आणि रस काढून. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला, आणि त्याने पोट भरल्याची भावनाही सर्वांत कमी झाली. फळ तेच, घडण मोडलेली.

दुसरे कारण घनतेचे. शिजवलेल्या भातात बरेचसे पाणी असते, म्हणून १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी असतात. बिस्किटात पाणी जवळजवळ नसते. त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० कॅलरी असतात. घास तेवढाच, भार तिपटीहून अधिक.

या प्रयोगाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या. माणसे वीसच होती, सरासरी वय एकतीस होते, आणि काळ अल्प होता. त्यातून वजनाविषयी कळते. हृदयविकार किंवा मधुमेह होतो की नाही, हे चार आठवड्यांत कळणे शक्य नाही. २०२५ साली इंग्लंडमध्ये ५५ जणांवर झालेल्या प्रयोगाने चित्रात थोडी भर घातली. तेथे दोन्ही आहार सरकारी पोषण-मार्गदर्शनाला धरून आखले होते, आणि प्रत्येक आहार आठ आठवडे चालला. या वेळी वजन दोन्ही आहारांवर घटले. मात्र अल्प प्रक्रियेच्या आहारावर २.०६ टक्के, तर अतिप्रक्रियायुक्त आहारावर १.०५ टक्के. म्हणजे पोषणमूल्ये सांभाळली तर अपाय कमी होतो, पण फरक पुरता मिटत नाही.

मोठ्या पाहण्या आणि त्यांचे वजन

दीर्घकालीन व्याधींविषयी जे बोलले जाते ते मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांवरून. यात हजारो लोकांना ते काय खातात हे विचारून नोंदवून ठेवतात, आणि पुढे अनेक वर्षे कोणाला कोणता आजार होतो ते पाहतात. २०२४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा अभ्यासांच्या ४५ संकलित विश्लेषणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ एक कोटी माणसांची माहिती होती. अतिप्रक्रियायुक्त अन्न अधिक खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि चिंताविकार अधिक आढळले, आणि या तिन्हींबाबतचा पुरावा लेखकांनी सर्वांत भक्कम श्रेणीत ठेवला. इतर अनेक व्याधींबाबतचा पुरावा मात्र त्यांनीच दुबळा ठरविला.

ज्येष्ठांच्या घरात अधिक धास्ती असते ती स्मृतिभ्रंशाची. म्हणून त्या विषयाचा एक अभ्यास सावकाश वाचू. इंग्लंडमधील 'यूके बायोबँक' या प्रकल्पातील ५५ वर्षांवरील ७२,०८३ व्यक्तींचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आहारातील अतिप्रक्रियायुक्त अन्नाचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढले की स्मृतिभ्रंशाचा धोका २५ टक्क्यांनी अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. २५ टक्के हा आकडा भयप्रद वाटतो. पण सुमारे दहा वर्षांत या ७२ हजारांपैकी स्मृतिभ्रंश झाला तो ५१८ जणांना, म्हणजे हजारी सुमारे सातांना. सातावर २५ टक्के वाढ म्हणजे साधारण नऊ. धोका खरा मानला तरी हजारांत दोघांची भर, असा त्याचा अर्थ होतो. हे नगण्य नव्हे. पण 'बिस्किट खाल्ले म्हणून विसरभोळेपणा आला' असे म्हणण्याइतके मोठेही नव्हे.

शिवाय कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. स्मृतिभ्रंश निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधी हळूहळू सुरू होतो. ज्यांना फोडणी कधी दिली ते आठवत नाही, गॅस बंद करायचा राहून जातो, त्या व्यक्ती आपोआप रांधणे सोडून पुड्यातील खाण्याकडे वळतात. तेव्हा अन्नामुळे आजार की आजारामुळे तसे अन्न, हे केवळ निरीक्षणावरून सांगणे कठीण. शुश्रूषा करणाऱ्यांनी यातून एक व्यवहारी बोध घ्यावा. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या आजींच्या घरी एकाएकी पुड्यांचे ढीग दिसू लागले, तर उपदेश करण्यापूर्वी त्यांना रांधणे जड का जाते आहे हे पाहावे. दृष्टी, गुडघे, मनाची उदासी किंवा स्मृती, यांपैकी काहीतरी बदललेले असू शकते आणि ते डॉक्टरांना सांगण्याजोगे असते.

आणखी एक गोष्ट. चौथ्या गटातील सर्व पदार्थ सारखे नाहीत. अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घ पाहण्यांत गोड शीतपेये आणि प्रक्रिया केलेले मांस यांचा मधुमेहाशी ठळक संबंध दिसला. अख्ख्या धान्याचा तयार पाव आणि दही यांचा तसा दिसला नाही, उलट धोका किंचित कमीच आढळला. तेव्हा कुठून आरंभ करावा असे कोणी विचारले, तर उत्तर स्पष्ट आहे : बाटलीतील गोड पेयांपासून. पावाचा तुकडा शेवटी पाहता येईल.

ज्येष्ठांच्या ताटाचा हिशेब वेगळा

आतापर्यंतचा बहुतेक पुरावा अधिक खाण्याविषयीचा आहे. परंतु पंचाहत्तरी ओलांडलेल्या अनेकांची अडचण नेमकी उलट असते. त्यांचे वजन घटत असते, स्नायू क्षीण होत असतात. त्यांच्यासाठी अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा मुख्य दोष हा की, ते थोड्याशा भुकेची जागा व्यापून बसते.

समजा, ५० किलो वजनाच्या आजी दिवसातून तीन वेळा चहाबरोबर चार-चार बिस्किटे घेतात. बारा बिस्किटांचे वजन साधारण ७२ ग्रॅम, उष्मांक सुमारे ३२०, आणि प्रथिने जेमतेम ५ ग्रॅम. त्यांचा दिवसाचा आहार १५०० कॅलरींचा धरला, तर एक-पंचमांशाहून अधिक भाग बिस्किटांनी भरला. वृद्धांनी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी अनेक तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणजे आजींना ५० ते ६० ग्रॅम हवीत, त्यांतील दशांशही बिस्किटांनी मिळाली नाहीत. आता तेवढ्याच उष्मांकांची मुगाच्या डाळीची खिचडी पाहू. ४५ ग्रॅम डाळ आणि ४५ ग्रॅम तांदूळ घेतले, तर उष्मांक जवळजवळ तेवढेच आणि प्रथिने सुमारे १४ ग्रॅम. म्हणजे जवळपास तिप्पट. मऊ खिचडीला दातांचीही तक्रार नसते. (मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.)

बिस्किटे एकदम बंद करण्याचा हट्ट मात्र धरू नये. भूक मंद असलेल्या माणसाचे आवडते खाणे काढून घेतले आणि त्या जागी काही दिले नाही, तर वजन आणखी घटते. आधी पर्याय ठेवावा, मग बिस्किट कमी करावे. अकराच्या चहाऐवजी ताकात कालवलेले सातूचे पीठ, दूध-पोहे, मऊ उपमा, मेतकूट-भात, दुधात शिजविलेली नाचणीची खीर, उकडलेले अंडे, यांपैकी जे रुचेल ते. तीनपैकी एक वेळ बदलली तरी हिशेब बराच बदलतो.

लेबलवर पाहाव्यात अशा तीन जागा

रक्तदाब असल्यास सोडियमचा आकडा पाहावा. तो बहुधा १०० ग्रॅमसाठी दिलेला असतो, पुड्यासाठी नाही, आणि येथेच फसगत होते. समजा, नूडल्सच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पुडा ७० ग्रॅमचा आहे. एका पुड्यात ८४० मिलिग्रॅम सोडियम झाले. त्यास अडीचने गुणले की मीठ मिळते : सुमारे २.१ ग्रॅम. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. एका वाटीत चाळीस टक्क्यांहून अधिक मर्यादा संपली.

मधुमेह असल्यास 'शुगर-फ्री' या शब्दापुढे थांबावे. अशा बिस्किटात साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल (९६५) किंवा सुक्रालोज (९५५) असते. मैदा मात्र तोच असतो, आणि मैद्याचे शरीरात ग्लुकोजच होते. माल्टिटॉल अधिक खाल्ल्यास पोट फुगते व जुलाब होतात. कारण न कळणारे पोटाचे त्रास सुरू झाले, तर औषधांप्रमाणेच या बिस्किटांचाही विचार व्हावा.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास 'फॉस्फेट' हा शब्द आणि ३३८ ते ३४१, ४५० ते ४५२ हे आकडे शोधावेत. कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, तयार मांसाचे पदार्थ यांत ते आढळतात. डाळी-धान्यांतील फॉस्फरस बराचसा बद्ध स्वरूपात असतो आणि अंशतःच शोषला जातो. मिसळलेला फॉस्फेट मात्र बहुतांशी शोषला जातो. पोषणतक्त्यात फॉस्फरसचे प्रमाण सहसा दिलेले नसते, म्हणून घटकद्रव्यांची यादी हाच आधार.

अपवाद कोणते?

डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेली पूरक पावडर, नळीवाटे द्यावयाचे तयार अन्न, गिळण्याचा त्रास असणाऱ्यांसाठीचे दाटपणाचे चूर्ण हे सर्व वर्गवारीच्या काटेकोर अर्थाने चौथ्याच गटात येते. तरीही ते बंद करू नये. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ आजारात जेव्हा चार घासही जात नाहीत, तेव्हा त्याचा उपयोग औषधासारखाच असतो. जाहिरात पाहून स्वतःहून आणलेले 'शक्तिवर्धक' पेय मात्र वेगळे. त्याच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर घरच्या दुधात त्याने फारशी भर पडत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमीत कमी खावेत आणि लेबल वाचून खरेदी करावी, असे सांगितले आहे. पुरावा अजून पुरता झालेला नाही, आणि त्यातील बराचसा युरोप-अमेरिकेतील आहारावर आधारलेला आहे. पण पुडा उलटून यादी वाचायला अर्धा मिनिट लागतो. या आठवड्यात घरातील फक्त तीन पुडे वाचावेत : जो रोज उघडला जातो तो, जो 'पथ्याचा' म्हणून आणला आहे तो, आणि जो पाहुण्यांनी भेट म्हणून आणला आहे तो. कोणता ठेवायचा, कोणता पुन्हा आणायचा नाही, हे ती यादीच सांगेल.